प्रकरण हातात येते तेव्हा



एका शिक्षकाच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, म्हणून आज शिक्षकाच्याच एका कामाबद्दल बोलायचे मी ठरवले. पीएच.डी.चा मार्गदर्शक, ज्याला आपण सगळे गाईड म्हणतो, त्याने विद्यार्थ्याचे लेखन केव्हा तपासायचे? प्रबंध सादर करायच्या आधी आठ दिवस, की पहिली पंधरा पाने हातात पडतील त्याच आठवड्यात? माझे उत्तर सरळ आहे. शेवटी केलेली तपासणी बहुतेक वेळा तपासणी राहतच नाही. ती प्रमाणपत्रासाठी आकडा मिळवण्याची खटपट होते. ज्या चुका सुधारता आल्या असत्या, त्या तोवर प्रबंधात मुरलेल्या असतात.

जे संशोधनाच्या क्षेत्रातले नाहीत, त्यांच्यासाठी आधी नियम थोडक्यात सांगतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै 2018 मध्ये वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी विनियम काढले. प्रबंध सादर करताना विद्यार्थ्याने लिहून द्यायचे की हे काम माझे स्वतःचे आहे आणि ते मान्यताप्राप्त सॉफ्टवेअरमधून तपासले आहे. मार्गदर्शकाने वेगळे प्रमाणपत्र द्यायचे की माझ्या हाताखाली झालेले हे काम उचलेगिरीपासून मुक्त आहे. साम्य 10 टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. 10 ते 40 टक्के असेल तर जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचे. 40 ते 60 टक्के असेल तर सुधारित प्रबंधही वर्षभर देता येत नाही. 60 च्या वर गेले की नोंदणीच रद्द. पदवी मिळाल्यानंतर चोरी सिद्ध झाली, तर ती पदवी स्थगित ठेवता येते. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, श्रेय देऊन घेतलेली अवतरणे, कायद्याची कलमे आणि प्रमाण सूत्रे मोजणीतून वगळायची असतात. सलग 14 शब्दांपर्यंतचे सर्वसामान्य साम्यही दोष धरले जात नाही.

नियम वाईट नाहीत. पण मार्गदर्शकाचे प्रमाणपत्र मागितले जाते ते शेवटी. मधल्या चार-पाच वर्षांत त्याने प्रकरणे केव्हा पाहिली, कशी पाहिली, याची नोंद कुणी मागत नाही. सगळा घोटाळा त्या मधल्या काळात होतो.

आता उदाहरण घेऊ, आणि ते आपल्याच मातीतले घेऊ. समजा, एखादी विद्यार्थिनी नवी मुंबई विमानतळाच्या प्रकल्पग्रस्तांवर समाजशास्त्राचा प्रबंध लिहिते आहे. उलवे, तरघर, कोंबडभुजे, चिंचपाडा, कोल्ही, कोपर अशा दहा गावांतली घरे विमानतळासाठी हलली. विषय जिवंत आहे, माणसे अजून भेटतात, मुलाखती मिळतात. विद्यार्थिनी मेहनती आहे. तिचे तिसरे आणि चौथे प्रकरण तिने घरोघरी फिरून केलेल्या सर्वेक्षणावर आहे आणि ते अस्सल आहे. पण कोणत्याही प्रबंधात असते तसे तिचे दुसरे प्रकरण आहे, 'अभ्यासक्षेत्राची ओळख'. तालुक्याचे स्थान, हवामान, नद्या, पिके, लोकसंख्या, दळणवळण. हे प्रकरण कुणाला लिहावेसे वाटत नाही, आणि प्रत्येक प्रबंधात ते असावेच लागते, असा समज आहे. मग ते येते कुठून? आधीच्या प्रबंधातून. आधीच्याने ते त्याच्या आधीच्या प्रबंधातून घेतलेले असते, आणि अगदी मुळाशी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर निघते.

हे प्रकरण गाईडच्या हातात आले. त्याने सॉफ्टवेअर उघडण्याआधी काय करावे? वाचावे. रायगड जिल्ह्यात राहणारा माणूस हे प्रकरण नीट वाचील तर त्याला पानोपानी थांबावे लागेल. त्यात लिहिले असेल, 'पनवेल नगरपालिकेची स्थापना 1852 साली झाली असून ती आजही कार्यरत आहे.' अहो, 1 ऑक्टोबर 2016 पासून इथे महानगरपालिका आहे! पुढे लिहिलेले असेल की तालुक्यातून राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 17 आणि 4 जातात. गोव्याचा रस्ता 66 क्रमांकाचा आणि पुण्याचा 48 क्रमांकाचा होऊन कितीतरी वर्षे झाली. एखाद्या परिच्छेदात बंदरातून तांदूळ जातो आणि बैलगाडीची चाके बनवण्याचा धंदा भरभराटीला आहे, असे वर्तमानकाळात आलेले असेल. ते एकोणिसाव्या शतकातल्या गॅझेटियरमधले पनवेल आहे. ज्या प्रबंधाचा विषय विमानतळ आहे, त्यात ही वाक्ये कुठून आली हे विचारायला कोणतेही यंत्र लागत नाही.

दुसरी खूण स्थलनामांची. मूळ मजकूर इंग्रजीत असेल आणि तो भाषांतर करून घेतला असेल, तर रोमन अक्षरांतून परत येताना नावे मोडतात. कर्नाळ्याचे 'कर्नाला' होते. गाढी नदीची 'गधी' होते. शिरढोणचे 'शिर्धोन' होते. वासुदेव बळवंत फडक्यांचे गाव ज्याला माहीत आहे, असा या भागातला विद्यार्थी हे नाव असे लिहीलच कसा? असे नाव दिसले की तो परिच्छेद बाजूला काढावा आणि शांतपणे विचारावे, 'हे कुठे वाचलेस? ते पुस्तक घेऊन ये.'

हे मी एवढ्या तपशिलाने का सांगतो आहे? कारण भाषांतर करून केलेली उचल सॉफ्टवेअरच्या हाती सहसा लागत नाही. यंत्र शब्दांची जुळणी शोधते. इंग्रजी परिच्छेद मराठीत आला की शब्दच बदलले, जुळायला काही उरले नाही. ते माणसालाच ओळखावे लागते.

मराठी प्रबंधांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती इथल्या प्रत्येक गाईडने लक्षात ठेवावी अशी माझी विनंती आहे. आपल्याकडे अजूनही बरेच टंकलेखन जुन्या फॉन्टमध्ये होते, युनिकोडमध्ये होत नाही. पडद्यावर आपल्याला स्वच्छ देवनागरी दिसते, पण संगणकाच्या पोटात तिथे रोमन अक्षरे आणि चिन्हे साठवलेली असतात. अशी फाईल तपासणीला टाकली की अहवाल येतो, साम्य शून्य टक्के, एक टक्का. विद्यार्थी खूश, गाईड खूश, ग्रंथालयही खूश. खरे तर यंत्राने एक शब्दही वाचलेला नसतो. याची परीक्षा अर्ध्या मिनिटात होते. पीडीएफमधली एक ओळ कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. देवनागरी उमटली तर ठीक. रोमन अक्षरांचा कचरा उमटला, तर त्या अहवालाला काहीही किंमत नाही. जुने मराठी प्रबंध अनेकदा नुसत्या स्कॅन केलेल्या पानांच्या रूपात साठवलेले असतात. त्यांच्यातून घेतलेले असेल तर तेही जुळत नाही. म्हणून पहिल्याच प्रकरणापासून युनिकोडचा आग्रह धरावा. अडीचशे पाने जुन्या फॉन्टमध्ये टाईप झाल्यावर ती शेवटच्या महिन्यात बदलायला घेतली, तर जोडाक्षरे फुटतात आणि नव्याच चुका शिरतात.

आता टक्क्यांकडे येतो, कारण सगळ्यात मोठी फसगत तिथे होते.

आपल्या विद्यार्थिनीचा प्रबंध 50 हजार शब्दांचा आहे असे धरू. दुसरे प्रकरण 6 हजार शब्दांचे. त्यातला 70 टक्के मजकूर जसाच्या तसा उचललेला आहे, म्हणजे 4 हजार 200 शब्द. उरलेल्या 44 हजार शब्दांत एक टक्का किरकोळ साम्य, म्हणजे 440 शब्द. एकूण झाले 4 हजार 640. पूर्ण प्रबंधाशी हे प्रमाण किती? सव्वानऊ टक्क्यांच्या आसपास. 10 च्या आत! शेवटी एकदाच तपासले, तर हा प्रबंध निर्दोष ठरतो. शिक्षेची पायरीच येत नाही. आणि तरीही त्यातले एक अख्खे प्रकरण दुसऱ्याचे आहे. एकूण आकड्याने ते झाकून टाकले. तेच प्रकरण सुटे तपासले असते तर 70 चा आकडा पहिल्या दिवशी समोर आला असता.

हे झाकलेले राहील का? राहणार नाही. पदवी मिळाल्यावर महिन्याभरात प्रबंधाची सॉफ्ट प्रत इन्फ्लिबनेटकडे जायची असते, शोधगंगेवर ठेवण्यासाठी. तिथे तो जगात कुणालाही उघडता येतो. पुढचा विद्यार्थी, निवड समितीतला सदस्य, एखादा प्रतिस्पर्धी, कुणीही. दहा वर्षांनी नोकरीत, बढतीच्या वेळी ते प्रकरण कुणीतरी मूळ प्रबंधाशेजारी ठेवील.

जर्मनीत असेच झाले. तिथले संरक्षणमंत्री कार्ल-थिओडोर त्सू गुटेनबर्ग यांनी बायरॉइट विद्यापीठातून कायद्याची डॉक्टरेट घेतली होती. 2011 च्या फेब्रुवारीत त्यांच्या प्रबंधातली उचल उघडी पडली, लोकांनी मिळून पानन् पान तपासले, विद्यापीठाने पदवी काढून घेतली आणि 1 मार्चला त्यांनी मंत्रिपद सोडले. त्या प्रबंधाच्या प्रस्तावनेची सुरुवातच एका वर्तमानपत्रातल्या जुन्या लेखातून घेतलेली होती. प्रस्तावना! जे पान गाईडने सगळ्यात आधी वाचायचे, तिथेच. त्यांचे मार्गदर्शक मोठे, नामवंत कायदेपंडित होते. आरोप झाले तेव्हा त्यांनी आधी विद्यार्थ्याची बाजू घेतली आणि नंतर त्यांना मागे यावे लागले. गाईडची विद्वत्ता विद्यार्थ्याच्या पानांची हमी देत नाही, एवढे या प्रकरणातून उघड झाले.

याची उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर विद्यार्थ्यांवर अन्याय होईल. आकडा मोठा आला म्हणजे चोरीच, असे नाही. आपल्याच विद्यार्थिनीच्या पहिल्या प्रकरणात 1894 चा भूसंपादन कायदा, 2013 चा नवा कायदा आणि साडेबारा टक्के योजनेचे शासन निर्णय येणार. ते शब्दशःच द्यावे लागतात. संतसाहित्याच्या प्रबंधात अभंग येणार. तिथे अहवाल 35 टक्के दाखवील आणि त्यातले दोषी काहीच नसेल. किंवा विद्यार्थिनीने स्वतःचा एक शोधनिबंध आधी छापलेला असेल आणि प्रबंधातले प्रकरण त्याच्याशी जुळेल. अशा वेळी अहवाल उघडून, कोणता रंग कोणत्या स्रोताचा, हे एकेक करून पाहावे लागते. तो स्रोत वगळण्यासारखा असेल तर का वगळला, हे लिहून ठेवावे लागते. प्रकरण सुटे असले की दोन-तीन तासांत हे होते. अडीचशे पानांवर, सादर करण्याच्या आदल्या आठवड्यात, कोण करणार? मग नुसता आकडा पाहिला जातो.

आणि आकडा पाहिला की आकडा कमी करण्याची घाई सुरू होते. ती कशी असते, ते एका उदाहरणातून दाखवतो. प्रकरणात वाक्य आहे, 'पनवेल तालुका जिल्ह्याच्या उत्तर भागात वसलेला असून येथील हवामान उष्ण व दमट आहे. भात हे मुख्य पीक आहे.' अहवालात हे लाल झाले. विद्यार्थिनीला चार दिवसांची मुदत आहे. ती ते असे करते, 'पनवेल तालुका जिल्ह्याच्या उत्तरेकडे स्थित असून येथील वातावरण गरम व आर्द्र आहे. तांदूळ हे प्रमुख उत्पादन होय.' लाल रंग गेला. टक्के उतरले. पण बदलले काय? मजकूर अजूनही दुसऱ्याचाच, आणि मराठी आधीपेक्षा वाईट. हेच काम पैसे घेऊन करून देणारेही आहेत. 'परसेंटेज कमी करून देतो' म्हणणारा माणूस विद्यार्थ्याला शेवटच्या महिन्यात भेटतो, कारण तो घाबरलेला असतो. पहिल्या वर्षी कुणी घाबरलेले नसते.

तेच वाक्य दुसऱ्या वर्षी, निवांत हातात असते तर? गाईडने विचारले असते, 'तुझ्या प्रबंधाला हवामान कशाला हवे?' ती विचार करील आणि म्हणेल, 'सर, नको आहे.' काढून टाक. 'भात कशाला हवे?' इथे ती थांबेल. मग सांगेल, 'कारण ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांची भातशेती होती. काहींची खाडीत मासेमारी होती. नुकसानभरपाई जमिनीची मिळाली, खाडीची कशी मोजणार?' आता तिच्याकडे सांगायला काहीतरी आहे! मग ते सर्वेक्षणातून लिही. तू भेटलेल्या कुटुंबांकडे किती गुंठे भात होते, सातबारा कुणाच्या नावावर होता, खाडीवर कोण जात होते. हे गॅझेटियरमध्ये नाही, आधीच्या प्रबंधात नाही. हे फक्त तिच्या वहीत आहे. लांबलचक उसने प्रकरण चार पानांचे होईल, पण ती चार पाने पुढच्या दोन प्रकरणांना उभी करतील.

मित्रहो, मला वाटते लवकर तपासण्याचे खरे कारण हे आहे. प्रबंधातला उचललेला भाग बहुतेक वेळा लबाडीतून येत नाही. हा भाग आपल्या प्रबंधात कशासाठी आहे हे विद्यार्थ्याला उमगलेले नसते, तिथे तो दुसऱ्याचे वापरतो. किंवा टिपणे काढायची सवयच चुकीची असते. पुस्तकातले वाक्य वहीत उतरवले, अवतरणचिन्ह घातले नाही, पान क्रमांक लिहिला नाही, आणि वर्षभराने ते वाक्य स्वतःचेच वाटू लागले. ही सवय पहिल्या पंधरा पानांत दिसते. तेव्हाच वही मागवून घ्यावी आणि शेजारी बसून दाखवावे, हे पुस्तकाचे, हे तुझे. पाचव्या वर्षी ती सवय पाचही प्रकरणांत पसरलेली असते.

इथे काही जण मनात म्हणत असतील, हातात इतके विद्यार्थी असताना हे जमायचे कसे? प्रश्न रास्त आहे. आयोगाच्या 2022 च्या पीएच.डी. विनियमांनुसार प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी असू शकतात. वर पदवीचे वर्ग, परीक्षा, नॅकची कागदपत्रे. पण हिशेब मांडून पाहा. एका विद्यार्थ्याची पाच प्रकरणे तीन-चार वर्षांत येतात. वर्षाला दीड प्रकरण. चार विद्यार्थ्यांची मिळून वर्षाला सहा प्रकरणे. एका प्रकरणाला दोन दिवस दिले तर वर्षाचे बारा दिवस होतात. ज्याला हे बारा दिवस देणे शक्य नाही, त्याने चौथा विद्यार्थी घेऊ नये. हे मी कठोरपणे म्हणतो, कारण चुकीची किंमत विद्यार्थी मोजतो. पूर्ण प्रबंध 40 टक्क्यांच्या वर गेला, तर त्याचे एक वर्ष जाते. शिष्यवृत्ती संपलेली असते, नोकरीची जाहिरात निघून जाते, आणि नोंदणीची सहा वर्षे सरत आलेली असतात.

करायचे कसे, तेही सांगतो. पहिली पंधरा पाने वाचायची, तीही सॉफ्टवेअरशिवाय. त्यानंतर प्रत्येक प्रकरण आले की दोन आठवड्यांत स्वतः वाचून मग यंत्रातून काढायचे. सल्लागार समितीपुढे दर सहा महिन्यांनी विद्यार्थ्याला प्रगती दाखवावीच लागते. त्या बैठकीत नुसत्या स्लाईड दाखवण्याऐवजी तपासलेले प्रकरण आणि त्याचा अहवाल ठेवायचा.

यंत्र वापरताना एक गोष्ट जिवापाड सांभाळायची. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये टाकलेली फाईल त्यांच्या साठ्यात ठेवायची की नाही, हे निवडता येते. कच्चे प्रकरण टाकताना 'साठवू नका' हाच पर्याय हवा. तो विसरला, तर दोन वर्षांनी अंतिम प्रबंध विद्यार्थ्याच्या स्वतःच्याच कच्च्या प्रकरणांशी जुळतो आणि अहवाल 80-90 टक्के दाखवतो. मग तो कच्चा मसुदा त्याचाच होता, हे सिद्ध करत महिने जातात. लवकर तपासायला घाबरणारे पुष्कळ गाईड हेच कारण सांगतात. कारण खरे आहे, पण उपाय एका टिचकीचा आहे. खात्री नसेल तर विद्यापीठाच्या ग्रंथालयात विचारावे. 2019 पासून शोधशुद्धी योजनेखाली विद्यापीठांना हे सॉफ्टवेअर मिळते आहे, आधी उरकुंड होते, पुढे ड्रिलबिट आले. संलग्न महाविद्यालयातल्या गाईडने आपले स्वतःचे लॉगिन मागून घ्यावे. विद्यार्थ्याने बाहेरच्या दुकानातून आणलेला अहवाल ग्राह्य धरू नये, कारण तिथे कोणती फाईल टाकली आणि काय काय वगळून आकडा आणला, हे आपल्याला कळायला मार्ग नसतो.

शेवटी इथल्या महाविद्यालयांसमोर आणि संशोधन केंद्रांसमोर एक मागणी ठेवतो. आयोगाच्या नियमात बदल होईल तेव्हा होवो, पण आपल्या केंद्रापुरते आजही करता येईल. मार्गदर्शकाच्या प्रमाणपत्राला एक पान जोडा. त्यावर प्रत्येक प्रकरणापुढे चार गोष्टी असाव्यात. प्रकरण हातात आल्याची तारीख, गाईडने वाचल्याची तारीख, त्या वेळचा साम्याचा आकडा आणि काय बदलायला सांगितले, ते दोन ओळींत. मग आपल्या विद्यार्थिनीच्या दुसऱ्या प्रकरणापुढे 70 हा आकडा लिहिलेला असेल, शेजारी तिच्या दुसऱ्या वर्षातली तारीख असेल, आणि पुढे लिहिले असेल, 'हवामान काढले, भातशेती आणि खाडी सर्वेक्षणातून नव्याने लिहिली.' तो 70 लपवायची गरज नाही. परीक्षकाने तो वाचावा आणि व्हायव्हात तिला पहिला प्रश्न त्यावरच विचारावा. उत्तर तिच्याकडे असेल.